पेपरातले अंडे

गेल्या महिन्यात शिक्रापूरहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले. चाकणकडून येणारा रस्ता पुणे–नगर रस्त्याला मिळतो, तिथून जवळच त्यांची खानावळ आहे. आजूबाजूच्या कारखान्यांतली मुले जेवायला येतात. रोज सकाळी साठ-सत्तर अंड्यांची भुर्जी आणि आमलेटे होतात. आता एका कारखान्याच्या उपाहारगृहाचे काम मिळण्याजोगे आहे, पण त्यासाठी पाकशास्त्राच्या पदविकेचा कागद हवा. प्रात्यक्षिकात या बाईंना उत्तम गुण पडले, मात्र लेखी पेपर सात गुणांनी राहिला, तोही दुसऱ्यांदा. घरात कुणी बोलत नाही, पण जाऊबाईंनी विचारलेच, "अहो वहिनी, बारा वर्षं अंडी फोडताय, आणि नापास अंड्यातच?"

त्यांनी पत्रासोबत प्रश्न आणि आपली उत्तरे लिहून पाठवली आहेत. ती वाचली आणि वाटले की, हे उत्तर सगळ्यांसाठीच लिहावे. अशा पेपरात अडणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. शिवाय ज्यांना पेपर द्यायचा नाही, त्यांचेही कॅरॅमल कस्टर्ड कधी ना कधी फाटलेले असतेच!

पहिला प्रश्न दहा गुणांचा होता: 'कॅरॅमल कस्टर्ड वाफवल्यानंतर त्यात जाळी पडली व पाणी सुटले. कारणे सांगून उपाय लिहा.' बाईंनी लिहिले, 'आच जास्त झाली. आच कमी ठेवावी.' मिळाले दोन गुण. उत्तर चूक नाही हो, पण अर्धेच आहे. परीक्षकाला भांड्याच्या आत काय घडले ते हवे असते. तेवढे एकदा समजले की अंड्यावरचे निम्मे प्रश्न त्याच एका गोष्टीतून सुटतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

अंड्यातला पांढरा म्हणजे बहुतेक पाणीच. शंभर भागांत सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग पाणी आणि दहा-अकरा भाग प्रथिने. ही प्रथिने लोकरीच्या गुंड्यांसारखी असतात. लांब धागा घट्ट गुंडाळून ठेवलेला, आणि असे असंख्य गुंडे पाण्यात सुटे सुटे तरंगत असतात. म्हणून कच्चा पांढरा पातळ आणि पारदर्शक दिसतो. त्याला उष्णता लागली की गुंडे उलगडू लागतात. उलगडलेले धागे एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी विणली जाते. पाणी कुठे जात नाही, ते त्या विणीच्या घरांत धरले जाते. यालाच पुस्तकात क्लथन किंवा कोअ‍ॅग्युलेशन म्हणतात. आपण म्हणतो, अंडे धरले.

वीण सैल आहे तोवर पाणी आत राहते आणि पदार्थ मऊ, थलथलीत लागतो. पण उष्णता वाढतच गेली तर धागे आणखी जवळ ओढले जातात. लोकरीचा स्वेटर चुकून कढत पाण्यात टाकल्यावर कसा आवळून जाडजूड होतो, तसेच. घरे लहान झाली की आतले पाणी पिळून बाहेर येते. कस्टर्डच्या कडेला साचलेले पाणी आणि अंगावरची भोके म्हणजे ही आवळलेली वीण. फार वेळ परतलेल्या भुर्जीला पाणी सुटते तेही याच कारणाने, आणि आमच्या शिक्रापूरच्या बाई ते रोज बघतात. पेपरात ते लिहायचे, एवढेच राहिले.

आता तपमानाची गोष्ट. बाईंनी दुसऱ्या एका उत्तरात लिहिले आहे, 'कस्टर्ड ६२ अंशाला धरते', आणि तिथेही लाल रेघ आहे. पुस्तकातला आकडा त्यांनी बरोबर पाठ केला, पण तो नुसत्या पांढऱ्याचा आकडा आहे. नुसता पांढरा साधारण ६२ अंश सेल्सियसला धरू लागतो आणि पुढे घट्ट होत जातो. पिवळा बलक सुमारे ६५ अंशाला घट्ट होऊ लागतो आणि ७० अंशाच्या सुमारास पुरता धरतो. कस्टर्डात मात्र चार अंड्यांना अर्धा लिटर दूध आणि वर साखर असते. दुधाने गुंडे एकमेकांपासून लांब गेलेले असतात, आणि साखर त्यांना सहजी उलगडू देत नाही. म्हणून कस्टर्ड धरायला ८० अंशांच्या आसपास, कधी थोडे वर, जावे लागते. आणि तिथून फार पुढे नाही, ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान ते फाटू लागते. धरणे आणि फाटणे यांत इतके थोडे अंतर आहे! उकळते पाणी म्हणजे १०० अंश. आता कळले ना, कुकरात जोरात वाफ काढली की काय होते ते? भांड्याची कड फाटून जाते आणि मधला भाग अजून पातळच असतो.

याला उपाय म्हणून आच कमी ठेवायची, हे खरे. पण कमी आचेचा आणखी एक गुण आहे आणि तो लिहिला तर परीक्षक खूश होतो. मिश्रण हळूहळू तापवले तर ते थोड्या कमी तपमानालाच धरते, पण फाटण्याची मर्यादा तेवढी खाली येत नाही. म्हणजे मधले अंतर वाढते आणि आपल्याला भांडे उतरवायला सवड मिळते. भराभर तापवले तर धरायला जवळजवळ फाटण्याच्या मर्यादेपर्यंत जावे लागते आणि आपण झाकण उघडेपर्यंत सगळे संपलेले असते.

घरी कसे करायचे तेही सांगते, कारण याच कृतीतून उत्तर लिहिता येते. अर्धा लिटर दूध, चार अंडी आणि चार मोठे चमचे साखर घ्यावी. चार अंडी यासाठी की कस्टर्ड ताटलीत उपडे करायचे आहे. वाटीतच खायचे असेल तर दोन-तीन अंड्यांतही धरते, मऊ होते. दुधात साखर विरघळवून ते बोट क्षणभर बुडवता येईल इतके कोमट होऊ द्यावे. उकळते दूध अंड्यांवर ओतले तर तिथल्या तिथे गुठळ्या होतात. अंडी काट्याने फक्त मोडावीत, फेस आणू नये. मग त्यात दूध थोडे थोडे घालत ढवळावे आणि सगळे गाळून घ्यावे. गाळणीत पांढरे पीळदार दोरे राहतील, ते टाकून द्यावेत. कॅरॅमल लावलेल्या भांड्यात मिश्रण ओतून वर कागद किंवा ताटली झाकावी, नाहीतर वाफेचे थेंब पडून वरचा भाग पाणचट होतो. कुकरात तळाशी जाड फडक्याची घडी, तिच्यावर भांडे, आणि पाणी भांड्याच्या निम्म्यापर्यंत. कुकरची शिट्टी काढून ठेवायची. शिट्टी लावली तर आतले तपमान १०० च्याही वर, १२० अंशांच्या जवळ जाते. पाणी खळखळू देऊ नये, नुसते हलत राहावे. वीस मिनिटांनी पाहायला लागावे. कड धरलेली आणि मधोमध रुपयाएवढा भाग अजून थरथरतो आहे, अशा वेळी गॅस बंद करावा. उरलेल्या उष्णतेने तो भाग धरतो. सुरी घालून बघायची तर ती मध्याच्या जरा बाजूला घालावी. स्वच्छ निघाली की झाले. अगदी मधोमध स्वच्छ निघेपर्यंत थांबलात तर कड फाटलेली असेल.

आता जाळीबद्दल एक बारीक गोष्ट, जी बाईंनीच नकळत पत्रात लिहिली आहे. 'एकदा पाणी सुटले नव्हते, तरी वर भोके होती.' बरोबर, भोके दोन तऱ्हेची असतात. अंडी जास्त फेसली तर हवेचे बुडबुडे तसेच धरले जातात. ती भोके लहान, गोल आणि बहुधा वरच्या बाजूला असतात, पण कस्टर्ड मऊच लागते. उष्णतेने पडलेली जाळी कडेला आणि तळाशी असते, तिच्यात पाणी असते आणि घास चिवट लागतो. दोन्हींतला हा फरक उत्तरात लिहिला तर दहापैकी आठ कुठे गेले नाहीत. आणि दूध आंबटसर असेल तर मंद आचेवरही कस्टर्ड फाटते, कारण आंबटपणाने प्रथिने कमी तपमानालाच साकळतात. उन्हाळ्यात दुपारच्या दुधाचे कस्टर्ड करणारणींनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न पाच गुणांचा: 'अंड्याच्या पांढऱ्याला फेस कसा येतो? त्यात पिवळ्याचा थेंब पडल्यास काय होईल?' बाईंनी लिहिले, 'फेटल्याने हवा शिरते. पिवळा पडल्यास फेस येत नाही.' पुन्हा अर्धे! इथे पुन्हा आपले लोकरीचे गुंडे आठवा. या वेळी त्यांना उलगडते ती उष्णता नसून फेटण्याची ओढाताण. उलगडलेले धागे हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती जाऊन एकमेकांना धरतात आणि पातळ पडदा तयार होतो. त्या पडद्यांमुळे बुडबुडे फुटत नाहीत आणि पांढरा मूळच्या सहा ते आठपट फुगतो. पिवळ्यात स्निग्धांश असतो, बलकाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. हा स्निग्धांश बुडबुड्यांच्या अंगावरची जागा आधी पटकावतो, मग धागे एकमेकांना धरू शकत नाहीत आणि पडदा फाटतो. भांड्याला तुपाचा ओशट हात लागलेला असला तरी हेच होते. प्लॅस्टिकच्या भांड्याचा ओशटपणा धुऊनही पुरता जात नाही, म्हणून स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे.

फेसाच्या पायऱ्या पेपरात हमखास विचारतात. आधी मोठे बुडबुडे असलेला साबणासारखा फेस येतो. मग रवी उचलली की टोक उभे राहते आणि वाकते, तो मऊ टोकाचा फेस. पुढे टोक ताठ उभे राहते आणि फेस अजून ओलसर, चकाकता असतो. इथे थांबायचे. आणखी फेटलात तर चकाकी जाते, फेस कापसाच्या बोळ्यांसारखा तुटतो आणि तळाशी पाणी साचते. ओळखीचे वाटते ना? तीच आवळलेली वीण आणि तेच पिळून निघालेले पाणी, फक्त या खेपेला विस्तवाशिवाय. साखर घालायची ती मऊ टोके आल्यावर, थोडी थोडी. आधीच घातली तर फेस यायला फार वेळ लागतो. वेळेवर घातली तर फेस टिकतो.

एका ठिकाणी मात्र बाई गोंधळल्या आहेत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्या विचारतात, 'आंबटाने कस्टर्ड फाटते म्हणता, आणि फेस टिकावा म्हणून लिंबू पिळायला सांगता. हे कसे?' फार चांगला प्रश्न! एरवी प्रथिनांच्या धाग्यांवर सारख्याच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना थोडे दूर ठेवतात. आंबटाने तो भार कमी होतो आणि धागे जवळ येतात. वर उष्णता असेल तर लगेच साकळतात. ही कस्टर्डाची गोष्ट झाली. फेसात उष्णता नाही. तिथे जास्त फेटल्यावर जी घट्ट गाठ पडते, ती मुख्यतः प्रथिनातल्या गंधकाच्या दुव्यांची, आणि आंबट त्या गाठी पडायला अडथळा करते. म्हणून एका पांढऱ्याला अर्धा लहान चमचा लिंबाचा रस घातला तर फेस फाटायला वेळ लागतो. एकच लिंबू, पण काम दोन ठिकाणी वेगळे. पेपरात ही दोन वाक्ये लिहावीत आणि पुढे जावे.

तिसरा प्रश्न प्रतवारीचा. इथे बाईंनी लिहिले, 'तपकिरी गावरान अंडे अ प्रतीचे, पांढरे फार्मचे ब प्रतीचे.' हे वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले, कारण शिक्रापूरच्या बाजारात खरोखरच तसा भाव असतो. पण टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर जातो, प्रतीशी त्याचा संबंध नाही. अ‍ॅगमार्कच्या नियमांत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वजनावरून चार आकार केले आहेत: ६० ग्रॅम आणि वर ते अतिमोठे, ५३ ते ५९ मोठे, ४५ ते ५२ मध्यम आणि ३८ ते ४४ लहान. गुणवत्तेवरून प्रती दोन, 'अ' आणि 'ब'. 'अ' प्रतीच्या अंड्याचे टरफल स्वच्छ आणि अभंग, पांढरा बऱ्यापैकी घट्ट, बलक मधोमध, आणि हवेच्या पोकळीची खोली ४ मिलिमीटरपर्यंत. 'ब' प्रतीत ही पोकळी ८ मिलिमीटरपर्यंत चालते आणि थोडे डागही चालतात. लहान अंडे 'अ' प्रतीचे असू शकते आणि मोठे 'ब' प्रतीचे, हे वाक्य जरूर लिहा.

हवेची पोकळी मोजायची कशी, तर अंडे अंधारात दिव्यासमोर धरून. पोकळी येते कुठून, हे कळायला टरफल समजून घ्यावे लागते. टरफल मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्याला हजारो बारीक छिद्रे असतात. अंडे घातल्यावर ते थंड होऊन आकसते आणि जाड टोकाकडे टरफलाच्या आतल्या दोन पापुद्र्यांमध्ये हवा शिरते. दिवस जातात तसे छिद्रांतून पाणी उडून जाते आणि पोकळी वाढते. त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड वायूही बाहेर पडतो, पांढरा क्षारधर्मी होतो आणि बलकाभोवतीचा घट्ट पांढरा पातळ होत जातो. ताजे अंडे ताटलीत फोडले तर बलक उंच बसतो आणि पांढरा त्याला धरून राहतो. जुने पसरते. जुने पाण्यात टाकले तर जाड टोक वर करून उभे राहते, कधी तरंगतेही. बाई, तुमच्याकडे तीस अंड्यांचे ट्रे येतात, रोज त्यातले एक ताटलीत फोडून बघा. प्रतवारीचा धडा पाठ करावा लागणार नाही. आणि एक गंमत म्हणजे, थोड्या जुन्या अंड्याचा पातळ पांढरा लवकर फेसाळतो, पण त्याचा फेस ताज्याच्या फेसाइतका टिकत नाही. उकडल्यावर मात्र जुन्याचेच टरफल सहज सुटते.

आकृतीतही त्यांचे दोन गुण गेले आहेत. हवेची पोकळी त्यांनी निमुळत्या टोकाकडे काढली. ती जाड टोकाकडे असते. आणि कस्टर्ड गाळताना राहणारे ते पीळदार पांढरे दोरे बलकाच्या दोन्ही बाजूंना काढून नाव द्यायचे, त्यांना शालाझा म्हणतात. बलक मधोमध राहावा म्हणून ते असतात. पुष्कळ बायका त्याला पिल्लाची सुरुवात समजून चमच्याने काढून टाकतात. तसे काही नसते. दोरे जितके ठळक तितके अंडे ताजे. पिल्लू वाढते ते बलकावरच्या बारीकशा पांढुरक्या ठिपक्यापासून, आणि तेही अंडे फलित असेल तरच. आपण बाजारातून आणतो ती फार्मची अंडी बहुधा फलित नसतात, कारण तिथे कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवतच नाहीत.

पत्राच्या शेवटी एक ओळ पेन्सिलीने लिहिली आहे: 'उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडा येते, गिऱ्हाईक शिळे म्हणून परत करते, खरे काय?' शिळे नाही हो. फार वेळ उकडले की पांढऱ्यातल्या गंधकापासून वायू तयार होतो, तो बलकाच्या कडेशी तिथल्या लोहाला भेटतो आणि हिरवट-करडा थर जमतो. खायला काही अपाय नाही, पण दिसायला वाईट. उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटांत अंडी काढा आणि लगेच गार पाण्यात घाला, पाणी एकदा बदला. सकाळी साठ अंडी एकदम उकडताना पातेले तसेच झाकून ठेवायची तुमची सवय असेल, तर कडा त्यामुळेच येते. हा प्रश्न मागच्या पेपरात नव्हता, या वेळी येईलसे वाटते.